सोऱ्या पोचला, डब्यासकट!

शेजारच्या काकू,

दिवाळीसाठी नेलेला सोऱ्या परत मिळाला. सोबत चकल्यांचा डबाही. सोऱ्यासोबत डबा दिलाच नव्हता, हे मला आठवतंय. पण बोलणार नाही.

चकल्या फक्कड! काटेरी, आतून पोकळ आणि मोडताना कुरकुरणाऱ्या. आमच्याकडे भाजणीत मोहन जास्त झालं की चकली तेलातच विरघळते, कमी पडलं की दातांची परीक्षा. मंद आचेवर तेलातले बुडबुडे थांबेपर्यंत कळ काढायची, हे तुम्ही सांगितलं होतं. आम्ही मोठ्या आचेवर रंग चढला की काढतो. आतला ओलावा तसाच राहतो आणि संध्याकाळी चकली मऊ.

भांडं रिकामं परत करू नये, ही रीत तुम्ही पाळता. पेच आमचा होतो. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घालून भांडं द्यावं म्हणतात. पण एवढ्या चकल्यांच्या बदल्यात चिमूटभर साखर? हात धजत नाही, म्हणून डबा अजून आमच्याच ओट्यावर आहे.

ता. क. : पुरणयंत्र घासून ठेवलंय. होळीची वाट पाहू नका. नेताना मोठं पातेलंही न्या, झाकण घट्ट बसतं.