फ्लूची लस : पैसे मोजायचे की फुकट मिळते?

मैत्रिणींनो, मे महिन्याच्या बैठकीत हप्ता-बचत लिहून झाली आणि एका ताईंनी विषय काढला. नातवाला दम्याचा त्रास म्हणून त्या तालुक्याला खासगी डॉक्टरांकडे गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "पावसाळ्याआधी फ्लूची लस घेऊन टाका. घरातल्या सगळ्यांनी घेतली तर उत्तमच." एका डोसाचे सतराशे रुपये. ताईंनी विचारलं, "गटातून कर्ज काढू का?"

कर्जाचं नंतर बघू. आधी लस कशाची आहे ते समजून घेऊ.

ही लस कशाची?

फ्लू म्हणजे इन्फ्लुएंझा. स्वाइन फ्लू हा त्यातलाच एक प्रकार. साधं सर्दी-पडसं, डेंग्यू किंवा मलेरिया या लशीने थांबत नाही. फ्लूसुद्धा शंभर टक्के थांबत नाही, पण झाला तरी तो छातीत उतरून दवाखान्यात भरती व्हायची वेळ बरीच कमी येते. फ्लूचा विषाणू रूप बदलतो, म्हणून लस दरवर्षी नवी निघते आणि दरवर्षी घ्यावी लागते. दंडात इंजेक्शन घेतल्यावर अंगात ताकद तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात जास्त असतो, त्यामुळे मे-जूनमध्ये घेतलेली बरी.

एक घोळ नेहमी होतो. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना जी पेंटा लस देतात, तिच्या माहितीत 'हिमोफिलस इन्फ्लुएंझा' असं नाव येतं. ते वाचून आई म्हणते, "आमच्या बाळाला फ्लूची झालीय." पण तो वेगळा जंतू आहे. नाव सारखं, आजार वेगळा. फ्लूची लस सरकारच्या नेहमीच्या बाल लसीकरणात नाही.

फुकट कोणाला?

आपल्या राज्यात २०१५ पासून सरकारी आरोग्य विभाग ही लस जास्त धोका असलेल्यांना मोफत देतो. त्यात मुख्य तीन गट येतात : चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बाया, शुगर किंवा बीपी असलेली माणसं, आणि आरोग्य कर्मचारी.

गरोदर बाईला का, तर पोट वाढलं की श्वासाला जागा कमी पडते आणि फ्लू जड जातो. शिवाय सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही. आईने गरोदरपणात घेतली तर त्या बाळालाही पहिले काही महिने आधार मिळतो. म्हणजे एका सुईत दोघांचं काम होतं.

विचारायचं कुठे आणि कसं?

गरोदर बाईने दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या मोफत तपासणीला जाताना माता-बाल संरक्षण कार्ड न्यावं आणि तिथेच विचारावं. शुगर-बीपीवाल्यांनी गोळ्यांची चिठ्ठी किंवा पुस्तिका घेऊन जावं. चिठ्ठीशिवाय गेलं की, "तुम्हाला आजार आहे हे कशावरून?" म्हणून हेलपाटा पडतो.

नुसतं "लस आहे का?" असं विचारू नका. "गरोदर बायांची आणि शुगर-बीपीवाल्यांची इन्फ्लुएंझाची मोफत लस आहे का?" असं पूर्ण विचारा. साठा नेहमी असतोच असं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात नसेल तर कधी येणार, आणि ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात आहे का, एवढं विचारूनच परत फिरा. हा फोन आशाताईने किंवा सिस्टरने केला तर तुमचं एसटीचं भाडं वाचतं. गटातल्या अशा सगळ्यांची नावं एका कागदावर लिहून सिस्टरकडे दिली, तर साठा आल्यावर निरोप मिळायला सोपं जातं.

त्या ताईंच्या घरचा हिशोब

घरात पाच माणसं : ताई, त्यांचे मालक, शुगरच्या गोळ्या चालू असलेल्या सासूबाई, बाळंतपणाला माहेरी आलेली सहा महिन्यांची गरोदर लेक, आणि तिचा चार वर्षांचा मुलगा, ज्याला दमा आहे.

नऊ वर्षांच्या आतल्या मुलाला पहिल्या वर्षी दोन डोस लागतात, चार आठवड्यांच्या अंतराने. पुढच्या वर्षापासून एकच. म्हणजे सगळ्यांना विकत घ्यायची तर सहा डोस, १०,२०० रुपये.

आता चाळणी लावू. सासूबाई आणि लेक मोफत यादीत बसतात. ताई आणि मालक पन्नाशीच्या आतले, धडधाकट. त्यांनी यंदा नाही घेतली तरी चालेल. राहिला नातू. तो मोफत यादीत नाही, पण दमा असल्यामुळे त्याचा धोका खरा आहे. त्याचे दोन डोस, ३,४०० रुपये. तेही एकदम नाही, १,७०० आत्ता आणि १,७०० चार आठवड्यांनी. दहा हजारांचं कर्ज काढायची गरज उरली नाही. पहिला डोस घरच्या पैशातून झाला, दुसऱ्यासाठी छोटं अंतर्गत कर्ज पुरलं.

आणि सरकारी साठा आलाच नाही तर? जूनच्या मध्यापर्यंत वाट बघा. तोवर नाही मिळाली आणि हातात एकाच डोसाचे पैसे असतील, तर गरोदर लेकीला आधी द्या. ग्रामसंघाकडे व्हीआरएफ असेल तर अशा वेळी अर्ज करायला संकोच नको. पण धडधाकट माणसाच्या लशीसाठी व्याजाने पैसे काढू नका.

विकत घेताना

भाव कंपनीप्रमाणे बदलतो, बहुतेक दीड ते दोन हजारांच्या घरात. आधी फोन करून विचारा : लशीचे किती, आणि सुई टोचायचे वेगळे किती? खोक्यावर एक्स्पायरी आणि कोणत्या हंगामाची लस आहे ते छापलेलं असतं, ते बघून घ्या. गेल्या वर्षीचा उरलेला माल नको.

मेडिकलमधून घेऊन पिशवीत टाकून गावाकडे आणू नका. ही लस २ ते ८ अंश थंडाव्यात राहावी लागते. उन्हात तापली किंवा बर्फात गोठली की पैसे पाण्यात, आणि बाहेरून बघून ते कळतही नाही. जिथे फ्रीजमध्ये ठेवलेली आहे, तिथेच टोचून घ्या.

अंगात जोराचा ताप असेल तर तो उतरल्यावर जा. आधी कुठल्या लशीची जबर रिअॅक्शन आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. एक-दोन दिवस दंड दुखणं, कसकस वाटणं हे होतंच.

लस नाही मिळाली तरी

ताप-खोकल्यात धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळे पडले, मूल सुस्त पडलं, तर घरी थांबू नका. गरोदर बाई, दम्याचा किंवा शुगरचा पेशंट यांनी तर साध्या ताप-खोकल्यातही त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. फ्लूवरचं ऑसेल्टामिविर हे औषध तिथे मोफत मिळतं, पण त्याचा खरा उपयोग पहिल्या दोन दिवसांत होतो. मेडिकलच्या गोळ्यांवर तीन दिवस काढले की ती वेळ निघून जाते.

पुढच्या बैठकीत दशसूत्रीतला आरोग्याचा विषय निघेल, तेव्हा एवढं करा : गटात कोण गरोदर, कोणाच्या घरी शुगर-बीपी, कोणाच्या लेकराला दमा, याची यादी काढा. पहिल्या दोघांची नावं सिस्टरकडे द्या. तिसऱ्याच्या पैशाचं गटात बसून ठरवा.