रेघ आधीच काढलेली असते

पांढरा फळा, काळं मार्कर धरलेला हात, आणि त्या हाताखालून उमटत जाणारं घर. बँकेची विमा योजना असो की सातवीच्या विज्ञानातलं जलचक्र, समजावून सांगणारे असे व्हिडिओ आता सगळ्यांच्या पाहण्यात आहेत. त्यातल्या बहुतेकांत तो हात काहीच काढत नसतो. घर आधीच पूर्ण काढून झालेलं असतं, फक्त लपवलेलं असतं. हाताचा फोटो त्याच्यावरून फिरवला जातो आणि रेघ मागून उघडी पडत जाते.

सुरुवातीला हे खरंच हातानं होत असे. लंडनच्या आरएसए या संस्थेनं 2010 मध्ये आपल्या व्याख्यानांवर ‘आरएसए अ‍ॅनिमेट’ ही मालिका काढली, आणि फळ्यावर चित्रं काढत बोलण्याचा हा प्रकार जगभर पसरला. तिची चित्रं अँड्र्यू पार्क आणि त्यांच्या कॉग्निटिव्ह मीडिया या कंपनीची. तिथे चित्रकार खरोखर फळ्यावर चित्र काढायचा, कॅमेरा ते टिपायचा आणि मग चित्रणाचा वेग वाढवून ते व्याख्यानाशी जुळवलं जायचं. केन रॉबिन्सन यांचं शिक्षणावरचं भाषण याच मालिकेतलं. असं काम करायला कसलेला चित्रकार लागतो, आणि मजकुरातला एक शब्द बदलला तरी पुन्हा फळ्यापाशी उभं राहावं लागतं. म्हणून लवकरच हाताची नक्कल करणारी सॉफ्टवेअर आली. ब्रिस्टलच्या स्पार्कोल कंपनीचं व्हिडिओस्क्राइब हे त्यातलं एक नावाजलेलं.

ही नक्कल कशी होते ते एका साध्या घरावरून पाहू. दोन भिंती, दोन उतारांचं छप्पर आणि खाली जमिनीची रेघ. संगणकाच्या लेखी हे चित्र म्हणजे ठिपक्यांचा पुंजका नसून एक वाट असते: इथून वर जा, तिथून तिरकं जा. भिंत 150 एकक, छपराचा प्रत्येक उतार 150, तळ 240, म्हणजे सगळी वाट 840 एककांची.

आता रेघ अखंड न ठेवता तुटक करायची. तुटक रेषेत थोडी शाई, थोडी मोकळी जागा असं आलटून पालटून येतं. आपण शाईचा तुकडाच 840 एककांचा ठेवायचा आणि मोकळी जागाही तेवढीच. मग हा सगळा नमुना 840 एककं मागे सरकवायचा. घराच्या वाटेवर आता फक्त मोकळी जागा येते, घर दिसत नाही. हे सरकणं हळूहळू शून्यावर आणलं की शाईचा तुकडा वाटेवर शिरू लागतो. अर्धी काळी, अर्धी पारदर्शक नाडी नेफ्यातून ओढावी तसं. वेबपानं बनवणाऱ्यांना हे सरकवणं `stroke-dashoffset` या नावानं माहीत असतं.

हे घर तीन सेकंदांत काढायचं ठरवलं, तर सेकंदाला 280 एककं होतात. पहिल्या सेकंदाअखेर डावी भिंत संपून छपराच्या उतारावर 130 एककं गेलेली असतात, म्हणजे आढं अगदी जवळ आलेलं असतं. त्या क्षणी शाईचं टोक नेमकं कुठे आहे हे संगणक वाटेवरून मोजतो आणि हाताच्या फोटोतलं मार्करचं टोक तिथे आणून ठेवतो. सेकंदाला पंचवीस-तीस वेळा हे घडलं की हात काढतोय असं वाटतं.

चोरी पकडायची असेल तर कोपऱ्यांकडे बघा. माणसाचा हात सरळ रेघेवर पळतो आणि वळणापाशी मंदावतो. सॉफ्टवेअरचा हात आढ्यावरूनही त्याच वेगात जातो. दुसरी खूण म्हणजे वेळेची वाटणी. प्रत्येक आकाराला सारखाच वेळ दिलेला असेल, तर अख्खं घर आणि दाराची कडी यांना सारखाच वेळ लागतो, आणि कडीपाशी हात सुस्तावल्यासारखा वाटतो. तिसरी खूण मला फार आवडते: हात पोचण्याआधीच जिथे रेघ सुरू व्हायची तिथे एक बारीक काळा ठिपका दिसतो. रेघेची टोकं गोलसर ठेवली की तो शाईच्या तुकड्याच्या काठावरून डोकावतो. मोकळी जागा किंचित वाढवून नमुना आणखी थोडा मागे सरकवला की तो जातो, पण तेवढं करायला तो आधी कुणाच्या तरी नजरेला पडावा लागतो.

खरी फजिती होते ती देवनागरीत. फॉन्टमधलं अक्षर ही रेघ नसते, तो कडेनं आखलेला बंद आकार असतो. त्यामुळे ‘विहीर’ लिहायला सांगितलं तर हात अक्षराच्या कडेकडेनं फिरतो आणि आतून पोकळ ‘व’ काढतो. वर प्रत्येक अक्षराची शिरोरेघ सुटी असल्यामुळे ती तुकड्या-तुकड्यांनी येते. साधनाला आपली लिपी नीट हाताळता येत नसेल तर आणखी एक घोटाळा होतो. टाइप केलेल्या मजकुरात पहिली वेलांटी ‘व’नंतर साठवलेली असते, ती डावीकडे नेऊन बसवण्याचं काम झालंच नाही, तर ती ‘व’च्या पुढे येऊन ‘ह’ला चिकटते.

यावरचा उपाय कष्टाचा आहे, पण चालतो. फॉन्टमधला शब्द पूर्ण लिहून झाकून ठेवायचा. त्याच्यावर आपण शाळेत गिरवलं त्या क्रमानं मधोमध जाणाऱ्या रेघा स्वतः आखायच्या: वेलांटीचा दंड, ‘व’ची गाठ आणि त्याचा काना, मग ‘ही’, मग ‘र’. शेवटी डावीकडून उजवीकडे एकच शिरोरेघ आणि तिच्यावर वेलांट्यांची वळणं. या रेघा जाड ठेवायच्या आणि त्यांना शाईऐवजी झाकण उघडण्याचं काम द्यायचं. रेघ जाईल तिथलं खालचं अक्षर दिसू लागतं, आणि फॉन्टचा जाड-बारीकपणाही टिकतो. अडचण येते ती गाठीपाशी. तिथे दोन रेघा इतक्या जवळ असतात की पहिली जाताना दुसरीचा कोपराही उघडा पडतो. मग अक्षराचेच दोन तुकडे करून प्रत्येकावर वेगळं झाकण घालावं लागतं. एका शब्दासाठी एवढा खटाटोप नको वाटला, तर शब्द हातानं लिहून त्याचंच चित्रण करावं. ते लवकर होतं आणि बहुधा दिसतंही बरं.

मग हात हवाच कशाला? अमेरिकेतले लोगन फिओरेला आणि रिचर्ड मेयर यांनी 2016 मध्ये यावर चार प्रयोग प्रसिद्ध केले. विषय होता डॉप्लर परिणाम. काहींना तयार आकृती दाखवून समजावलं, काहींच्या समोर तीच आकृती काढत समजावलं. फक्त हात दिसत होता तेव्हा, शिकलेलं नव्या प्रश्नाला लावून पाहण्यात काढताना बघणारे पुढे राहिले. हात वगळून नुसती रेघ उमटत गेली तेव्हा तो फायदा दिसला नाही. पण तिथला हात खऱ्या शिक्षकाचा होता. फोटोतला, कोपऱ्यावरही न मंदावणारा हात तेवढंच काम करतो असं त्यावरून म्हणता येणार नाही.

माझ्या मते हातापेक्षा जास्त बिघडतं ते बोलणं आणि रेघ यांच्या जुळणीत. इंग्रजी मजकुरासाठी आखलेल्या चित्रावर मराठी आवाज चढवला, की बाण आधीच निघून जातो. ‘पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून विहिरीत झिरपतं’ या वाक्यात आधी पाऊस येतो, मग कातळ, मग विहीर, आणि पाणी हलतं ते अगदी शेवटी, क्रियापदाशी. चित्रंही त्याच क्रमानं यायला हवीत, म्हणजे झिरपण्याचा बाण सगळ्यांत शेवटी. म्हणून आधी आवाज ध्वनिमुद्रित करायचा, प्रत्येक शब्द कितव्या सेकंदाला येतो ते टिपून ठेवायचं, आणि त्यानंतरच कुठल्या रेघेला किती वेळ द्यायचा ते ठरवायचं.