शेडर : तारा जोडायच्या की ओळी लिहायच्या?

मोबाइलवरच्या गेममध्ये शत्रू मरतो, तेव्हा तो बहुतेक वेळा एकदम नाहीसा होत नाही. जळत्या कागदासारखी त्याच्या अंगावर ठिकठिकाणी भोकं पडतात, भोकांच्या कडा नारिंगी पेटतात आणि दीड-दोन सेकंदांत सगळा देह विरून जातो. गेम बनवणारे याला 'डिझॉल्व्ह' म्हणतात. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका कोणत्या रंगाचा दिसावा, तो दिसावा की नाही, हे ठरवणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याचं नाव शेडर. डिझॉल्व्ह हे शेडरचंच काम.

हा प्रोग्रॅम बनवायचे दोन मार्ग आहेत. एकात पडद्यावर चौकटी मांडून त्या तारांनी जोडायच्या. प्रत्येक चौकट एक क्रिया करते, बेरीज, गुणाकार, चित्रातला रंग वाचणं असं काहीतरी, आणि उत्तर पुढच्या चौकटीला देते. या चौकटींना नोड म्हणतात आणि सगळ्या जोडणीला शेडर ग्राफ. दुसरा मार्ग म्हणजे सरळ कोड लिहायचा. क्रियांची अशी जोडणी करून पृष्ठभागाचं रूप ठरवण्याची कल्पना रॉब कुक यांनी लुकासफिल्ममध्ये असताना १९८४ साली 'शेड ट्रीज' या शोधनिबंधात मांडली होती. युनिटी या गेम इंजिनात शेडर ग्राफ २०१८ साली आला.

मोठ्या स्टुडिओत शेडर लिहिणारी स्वतंत्र माणसं असतात. अडचण येते ती छोट्या टीमची. समजा, तिघंजण युनिटीवर, तिच्या यूआरपी या हलक्या रेंडर पद्धतीत, मोबाइल गेम करताहेत. एकजण प्रोग्रॅमर आहे. त्याला कोड येतो, पण रंगाची नजर नाही. एक आर्टिस्ट आहे. तिला कडेचा नारिंगी नेमका कसा हवा ते कळतं, पण कोडची फाइल ती उघडत नाही. तिसरा लेव्हल डिझायनर. त्याला फक्त 'विरायला किती वेळ' एवढंच बदलायचं असतं. यांनी डिझॉल्व्ह कसा करावा?

ग्राफ फुकटात काय देतो

डिझॉल्व्हचं गणित साधं आहे. पृष्ठभागावर ० ते १ दरम्यानचे उलटसुलट आकडे पसरायचे, त्याला नॉइज म्हणतात. दुसरा आकडा 'प्रमाण', तो ० पासून १ कडे सरकत जातो. नॉइजमधून प्रमाण वजा केलं आणि उत्तर शून्याखाली गेलं, की तो ठिपका काढायचाच नाही. प्रमाण ०.४ असताना नॉइज ०.३ असलेली जागा गायब होते. नॉइज ०.४३ असलेली जागा शिल्लक राहते, पण काठावर असते. कडेची रुंदी ०.०५ ठरवली असेल, तर तिथे नारिंगी पेटतो.

आर्टिस्ट हे पाच-सात नोडमध्ये जोडू शकते, आणि रंग बदलला की परिणाम तिला तिथल्या तिथे दिसतो. पण ग्राफचा मोठा फायदा पडद्याआड असतो. यूआरपीमध्ये एक वस्तू एकदाच रंगवून भागत नाही. तिची सावली वेगळ्या फेरीत काढली जाते, खोली वेगळ्या फेरीत नोंदली जाते. ग्राफमध्ये Alpha Clipping चालू केलं की या सगळ्या फेऱ्यांचा कोड युनिटी स्वतः तयार करते. हाताने लिहिणाऱ्याला प्रत्येक फेरी आठवणीने लिहावी लागते. सावलीच्या फेरीत ठिपका टाकून देणारी ओळ विसरली की ओळखायला सोपं असतं: शत्रू विरून जातो आणि जमिनीवर त्याची अख्खी सावली तशीच उभी राहते.

आणखी एक बारकावा मटेरियलच्या आकड्यांचा. हाताने लिहिलेल्या शेडरमध्ये ते सगळे UnityPerMaterial या एकाच गटात नसले, तर युनिटीची अनेक वस्तू झपाट्याने काढण्याची सोय, एसआरपी बॅचर, त्या शेडरला लागू होत नाही. चित्र बरोबरच दिसतं, फक्त गेम मंदावतो, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही. ग्राफ ही मांडणी आपोआप करतो.

गुंता कुठे होतो

महिन्याभरात हाच परिणाम तीन ठिकाणी लागतो: शत्रूला, दारांना आणि फुटणाऱ्या मडक्यांना. आर्टिस्ट नोड उचलते आणि दुसऱ्या दोन ग्राफमध्ये चिकटवते. मग लक्षात येतं, की जिवंत शत्रूच्या अंगावरही इथे-तिथे नारिंगी ठिपके चमकताहेत. कारण उघड आहे: प्रमाण शून्य असलं तरी नॉइज ०.०३ असलेली जागा कडेच्या ०.०५ रुंदीत येतेच. दुरुस्ती छोटी आहे, पण ती तीन ग्राफमध्ये करावी लागते, आणि तिसऱ्यात ती राहून जाते.

दुसरा गुंता फाइलीचा. ग्राफची फाइल मजकुराचीच असते, पण तिच्यात जोडणीबरोबर प्रत्येक नोडची पडद्यावरची जागाही नोंदलेली असते. दोघांनी एकाच दिवशी एकच ग्राफ उघडला, एकाने रंग बदलला आणि दुसऱ्याने नुसते नोड नीट मांडले, तरी गिटमध्ये दोन्ही बदल एकत्र करताना अडतं. ती फाइल हाताने जुळवायला बसण्यात अर्थ नसतो. एकाचं काम टाकून पुन्हा करावं लागतं. कोडमधल्या बदलाची एक ओळ मात्र गिट स्पष्ट दाखवतं आणि दुसऱ्याला ती तपासता येते.

अशा वेळी प्रोग्रॅमर म्हणतो, 'सगळं कोडमध्येच लिहू.' तसं केलं, तर आर्टिस्टला कडेची चमक थोडी वेगळी मांडून पाहायची असली तरी त्याची वाट पाहावी लागते. म्हणून पूर्ण ग्राफ मोडीत काढण्याऐवजी त्यातलं फक्त गणित बाहेर काढणं बरं. शेडर ग्राफमध्ये Custom Function नावाचा नोड आहे. तो बाहेरच्या फाइलीतलं फंक्शन बोलावतो:

```hlsl
void Dissolve_float(float noise, float amount,
    float width, out float alpha, out float edge)
{
    float t = lerp(-width, 1.01, amount);
    alpha = noise - t;
    edge = 1.0 - smoothstep(0.0, width, alpha);
}
```

पहिल्या ओळीत मघाची दुरुस्ती आहे. प्रमाण शून्यापासून सुरू न होता उणे रुंदीपासून सुरू होतं, त्यामुळे सुरुवातीला कुठलीच जागा काठावर येत नाही. शेवट १.०१ वर आहे, म्हणजे नॉइज नेमका १ असलेला एखादा ठिपकाही मागे राहत नाही. नोडमध्ये नाव नुसतं Dissolve लिहायचं. फाइलीत मात्र त्याला _float ही शेपटी लागते, नाहीतर फंक्शन सापडत नसल्याची तक्रार येते. ग्राफमधला Alpha Clip Threshold शून्य ठेवायचा आणि रुंदीचा स्लायडर ०.०१ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, कारण शून्य रुंदीने smoothstep मध्ये शून्याने भागाकार होतो.

हा नोड एका Sub Graph मध्ये, म्हणजे पुन्हा वापरता येणाऱ्या छोट्या ग्राफमध्ये, गुंडाळला की आर्टिस्टला ती नेहमीसारखी एक चौकट दिसते. शत्रू, दार आणि मडकं यांच्या ग्राफमध्ये तीच चौकट बसते. चूक सापडली तर एका फाइलीत एक ओळ बदलते. लेव्हल डिझायनरसमोर मटेरियलमधले दोन-तीन स्लायडर एवढंच येतं.

वेग नेमका कशाने जातो

'हाताने लिहिलेला शेडर वेगवान असतो' असं सर्रास म्हटलं जातं. ग्राफचाही शेवटी कोडच होतो; View Generated Shader हे बटण दाबलं की तो वाचता येतो. त्याच्या हजारो ओळी पाहून घाबरायचं कारण नाही, त्यातल्या बऱ्याचशा मघाच्या वेगवेगळ्या फेऱ्यांच्या असतात. समान गणित दोन्हीकडे साधारण सारख्याच वेगाने चालतं.

फरक पडतो तो नोडच्या आत काय चाललंय हे न दिसल्याने. Simple Noise ही एक निरुपद्रवी चौकट वाटते. आत ती नॉइजचे तीन थर काढते आणि प्रत्येक थरासाठी चार यादृच्छिक आकडे, म्हणजे एका ठिपक्यासाठी बारा. १०८० बाय २४०० च्या पडद्यावर सुमारे २६ लाख ठिपके असतात. शत्रूंनी पाचवा हिस्सा व्यापला, तर दर चित्राला ६० लाखांहून अधिक आकडे काढायचे, आणि सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला १६ मिलिसेकंदांच्या आसपासच वेळ मिळतो. उपाय कोड लिहिणं हा नाही. नॉइजचं एक लहान चित्र आधीच बनवायचं आणि ग्राफमध्ये त्या नोडच्या जागी चित्र वाचणारा नोड ठेवायचा.

दुसरी गळती Alpha Clipping ची. ठिपका टाकून देणारा शेडर असला की मोबाइलच्या ग्राफिक्स चिपला झाकलेल्या वस्तूंचं काम आधीच वगळणं कठीण जातं. म्हणून जिवंत शत्रूला साधं मटेरियल द्यावं आणि मरतानाच डिझॉल्व्हचं लावावं. हा खर्चही ग्राफ आणि कोड दोन्हीकडे सारखाच होतो.

कोडची स्वतःची देणी

ग्राफला जमत नाही असं काम आहेच. त्यात लूप नाही, म्हणजे 'आसपासच्या प्रत्येक दिव्यासाठी हे कर' असं तारांनी सांगता येत नाही. कार्टूनसारख्या सपाट छटा हव्या असतील आणि त्या खोलीतल्या प्रत्येक दिव्याला प्रतिसाद द्यायला हव्या असतील, तर लूप कोडमध्येच लिहावा लागतो. तोही Custom Function मध्ये मावतो; ग्राफच्या छोट्या पूर्वदृश्यात दिवे उपलब्ध नसतात, म्हणून तिथे SHADERGRAPH_PREVIEW ची अट घालून एखादा ठरावीक प्रकाश द्यावा लागतो. वस्तू आपल्या स्वतःच्या जादा फेरीत पुन्हा काढायची असेल, तर मात्र पूर्ण शेडर हाताने लिहिणंच सरळ पडतं.

पण असा कोड इंजिनाच्या आतल्या गोष्टींना हात घालतो आणि इंजिन बदलतं. युनिटी २०२२.२ मध्ये यूआरपीत फॉरवर्ड प्लस ही प्रकाशाची नवी पद्धत आली. तिच्यात GetAdditionalLightsCount() शून्य उत्तर देतं. दिव्यांची फेरी LIGHT_LOOP_BEGIN या मॅक्रोने मारावी लागते. जुना लूप असलेला शेडर नव्या पद्धतीत विनातक्रार कंपाइल होऊ शकतो. फक्त मशाली पेटलेल्या खोलीत बाकी सगळं उजळतं आणि कार्टून छटेची पात्रं मशालींना दादच देत नाहीत. असा कोड लिहिणारा टीम सोडून गेला, तर हे दुरुस्त कोण करणार, हे लिहिण्याआधीच ठरलेलं हवं.

म्हणून तिघांच्या टीमने वाटणी शेडरनुसार करू नये, प्रत्येक शेडरच्या आत करावी. जे आर्टिस्ट दर आठवड्याला बदलणार, ते ग्राफमध्ये: रंग, चित्रं, मिश्रण. जे एकापेक्षा जास्त ठिकाणी लागतं किंवा ज्याला लूप लागतो, ते एका छोट्या फाइलीतल्या फंक्शनमध्ये. एक ग्राफ एका वेळी एकानेच उघडायचा, त्यासाठी गिट एलएफएसचं कुलूप वापरायचं. पूर्ण हाताने लिहिलेले शेडर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच ठेवायचे, आणि युनिटीची आवृत्ती बदलली की पहिल्यांदा तेच उघडून सावली, दिवे आणि बॅचर या तीन गोष्टी तपासायच्या.