पोटॅशियम ७.८ आणि अर्जातल्या चार ओळी

पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियनची जागा निघाली की अर्जांचा गठ्ठा येतो. डीएमएलटी किंवा बीएमएलटी झालेली मुलंमुली असतात, गुणही बहुतेकांचे चांगले असतात आणि जवळपास प्रत्येक अर्जात एक वाक्य ठरलेलं असतं : ‘सॅम्पल हँडलिंग आणि क्वालिटी कंट्रोलचा उत्तम अनुभव.’ माझ्यासारख्या निवड करणाऱ्याला या वाक्यातून काहीच कळत नाही. ज्याने वर्षभर कंट्रोल लावले तोही हेच लिहितो आणि ज्याने ते लांबून पाहिले तोही हेच लिहितो.

मागच्या खेपेला एका अर्जात मात्र हे वाक्य नव्हतं. त्या जागी चार ओळी होत्या : ‘एका सॅम्पलचं पोटॅशियम ७.८ आलं. कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फटेज फार कमी असल्याने ईडीटीएची भेसळ असावी असं वाटलं. रिपोर्ट थांबवून पॅथॉलॉजिस्टना कळवलं आणि पुन्हा रक्त मागवलं. दुसऱ्या सॅम्पलचं पोटॅशियम ४.३ आलं, दोन्हींची नोंद केली.’ मी त्या मुलीला मुलाखतीला बोलावलं. त्या चार ओळींत काय होतं, हे समजायला आधी त्या ट्यूबमध्ये काय झालं होतं ते पाहू.

रक्त काढताना फ्लेबोच्या ट्रेमध्ये वेगवेगळ्या रंगांच्या झाकणांच्या ट्यूब असतात. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं, ईडीटीए ते बांधून ठेवतं, म्हणून त्या ट्यूबमधलं रक्त पातळ राहतं आणि त्यावर हिमोग्लोबिन, पेशींची मोजणी वगैरे करता येते. हे ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात घातलेलं असतं. पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये मात्र रक्त गोठू द्यायचं असतं. गोठलं की सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. वर सिरम येतं, खाली पेशी जातात आणि मधे जेलचा थर बसतो. पोटॅशियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन अशा तपासण्या त्या सिरमवर होतात.

आता समजा, पिवळ्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं. पेशंट वयस्कर आहे, शीर सापडायला आधीच वेळ लागलाय, पुन्हा टोचायला जीव धजावत नाही. जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त भरपूर आहे. कुणीतरी झाकण उघडतं आणि थोडं रक्त तिकडून इकडे ओततं. ट्यूब भरलेली दिसते, बारकोड बरोबर असतो, सिरमही स्वच्छ पिवळं असतं. डोळ्यांना कुठे काही खटकत नाही. पण त्या रक्ताबरोबर पोटॅशियमही आलेलं असतं आणि कॅल्शियम पकडून ठेवणारं ईडीटीएसुद्धा.

मशिनवर आकडे आले ते असे : पोटॅशियम ७.८, कॅल्शियम ५.९, अल्कलाइन फॉस्फटेज १४, क्रिएटिनिन ०.९. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५.१ असावं लागतं. खरोखर ७.८ असेल तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो, म्हणून हा आकडा डॉक्टरांना ताबडतोब फोन करून सांगायच्या यादीत असतो. नवखा माणूस इथे दोनपैकी एक चूक करतो. एक तर तोच नमुना पुन्हा मशिनला लावतो. आकडा परत ७.८ येतो आणि तो निश्चिंत होतो. पण नमुनाच बिघडलेला असेल तर मशिन तोच चुकीचा आकडा दहा वेळा बिनचूक देईल. नाही तर तो नुसतंच ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा मारून मोकळा होतो.

त्या मुलीला मी विचारलं, “हिमोलिसिस का नाही वाटलं?”

“सर, सिरम लालसर नव्हतं. आणि पेशी फुटल्या असत्या तर पोटॅशियम वाढलं असतं, पण कॅल्शियम इतकं खाली गेलं नसतं.”

“मग किडनीचा पेशंट असेल.”

“क्रिएटिनिन नॉर्मल होतं, सर. शिवाय अल्कलाइन फॉस्फटेजही पडलं होतं.”

हे शेवटचं उत्तर महत्त्वाचं. अल्कलाइन फॉस्फटेज या विकराला काम करायला जस्त आणि मॅग्नेशियम लागतं आणि ईडीटीए त्यांनाही बांधतं. म्हणून पोटॅशियम वर आणि कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फटेज दोन्ही खाली, हे तिन्ही आकडे एकत्र दिसले की बोट थेट जांभळ्या ट्यूबकडे जातं. अर्थात भेसळ थोडी असेल तर चित्र इतकं ठळक दिसत नाही. पोटॅशियम फक्त ५.६ येतं, कॅल्शियम जेमतेम कमी दिसतं, आणि तिथेच चूक निसटते. अशा वेळी पेशंटचा आधीचा रिपोर्ट उघडून पाहणं उपयोगी पडतं.

अर्जात हे लिहायचं कसं? गोष्ट सगळी सांगायची नाही. काय दिसलं, त्यावरून काय वाटलं, काय केलं आणि पुढे काय निघालं, एवढं पुरे. त्या चार ओळींत आणखी एक गोष्ट नीट सांभाळली होती. ‘मी रिपोर्ट रद्द केला’ असं तिने लिहिलं नव्हतं. थांबवून पॅथॉलॉजिस्टना कळवलं, असं लिहिलं होतं. रिपोर्ट द्यायचा की नाही हे सही करणारा ठरवतो. आपल्या अधिकाराची हद्द माहीत असलेला टेक्निशियन लॅबला हवा असतो. पेशंटचं नाव, आयडी, कलेक्शन सेंटरचं नाव यांतलंही काही अर्जात नव्हतं. एका उमेदवाराने पुरावा म्हणून खऱ्या रिपोर्टचा फोटोच अर्जाला जोडला होता. त्या फोटोवरून एवढंच कळलं की हा माणूस आमच्याकडचेही रिपोर्ट असेच बाहेर नेईल.

दुसरी बाजू क्वालिटी कंट्रोलची. सकाळी पेशंटचे नमुने लावण्याआधी मशिनला कंट्रोल लावतात. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर साधारण किती यायला हवं हे आधीच माहीत आहे, असा नमुना. रोज येणारा आकडा आलेखावर मांडतात. लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये ही पद्धत वैद्यकीय लॅबमध्ये आणली, म्हणून त्याला एलजे चार्ट म्हणतात. मधली रेघ सरासरीची आणि वरखाली एक, दोन, तीन एसडीच्या रेघा. एसडी म्हणजे सगळं ठीक असतानाही आकडा रोज किती हलतो त्याचं माप.

समजा, ग्लुकोजच्या कंट्रोलची सरासरी १०० आणि एसडी २.५ आहे. म्हणजे दोन एसडीची वरची रेघ १०५ वर. सोमवारी आकडा आला १०१, मंगळवारी १०२, बुधवारी १०३.५, गुरुवारी १०५.५, शुक्रवारी १०६. गुरुवारी रेघ ओलांडली. पण सगळं ठीक असतानाही साधारण वीस वेळांत एकदा आकडा दोन एसडीबाहेर जातोच, म्हणून ती फक्त सावध करणारी घंटा. शुक्रवारी लागोपाठ दुसऱ्यांदा, त्याच बाजूला, दोन एसडीच्या बाहेर. जेम्स वेस्टगार्ड यांच्या नियमांनुसार आता ग्लुकोजचे रिपोर्ट थांबवायचे. आकडा कधी वर कधी खाली उडत नाही, रोज एकाच दिशेने सरकतोय. म्हणजे हा योगायोग नव्हे.

इथे एक वाईट सवय फार ठिकाणी दिसते. कंट्रोल बाहेर गेला की तोच पुन्हा लावायचा, परत लावायचा, आणि एकदाचा १०४.८ आला की ‘क्यूसी पास’ लिहून टाकायचं. चार्ट पाहिल्यावर हे लपत नाही : आकडे एकाच बाजूला, रेघेच्या अगदी आत दाटीने बसलेले दिसतात.

नीट काम करणारा आधी त्याच व्हायलमधल्या युरिया आणि कॅल्शियमचे आकडे पाहतो. व्हायल उघडी राहून पाणी उडालं असेल किंवा पावडर विरघळवताना पाणी कमी पडलं असेल, तर सगळेच आकडे मिळून वर चढतात. इथे ते जागच्या जागी होते, फक्त ग्लुकोज सरकलं होतं. तरी खात्रीसाठी नवीन व्हायल विरघळवून लावली, परत १०६. म्हणजे दोष कंट्रोलमध्ये नाही. मग रीएजंट किती दिवस मशिनवर उघडं आहे हे पाहिलं, ते बदललं, पुन्हा कॅलिब्रेशन केलं. कंट्रोल आला १००.५.

बहुतेक अर्ज इथे संपतात, पण काम अजून बाकी असतं. गुरुवारपासून जे रिपोर्ट गेले त्यांचं काय? सहा टक्के ही वाढ कागदावर किरकोळ वाटते. पण उपाशीपोटीची खरी साखर १२० असलेल्या माणसाच्या रिपोर्टवर ती १२७ दिसेल, आणि १२६ पासून मधुमेहाची रेघ सुरू होते. म्हणून फ्रिजमध्ये जपलेले काही नमुने पुन्हा लावून बघायचे आणि फरक मोठा निघाला तर पॅथॉलॉजिस्टना सांगून रिपोर्ट सुधारायचे. ‘कंट्रोल बाहेर गेल्यावर कॅलिब्रेशन केलं’ या वाक्यापुढे ‘आणि आधीच्या दोन दिवसांचे काही नमुने पुन्हा तपासले’ एवढं ज्याने लिहिलं, त्याने हे काम खरंच हाताळलंय याची मला खात्री पटते. आयएसओ १५१८९ हे मानक पाळणाऱ्या, एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबमध्ये तपासायला येणारे लोकही हेच विचारतात.

नुकती डीएमएलटी झालेली मुलं म्हणतील, आम्ही इंटर्नशिपमध्ये एवढं केलंच कुठे? हरकत नाही, जे केलं तेच लिहा. ‘कंट्रोल सीनियर लावत, मी एलजे चार्टवर नोंद करत असे आणि दोन एसडीबाहेरचा आकडा त्यांना दाखवत असे’ हे खरं वाक्य ‘क्यूसीची संपूर्ण जबाबदारी सांभाळली’ या वाक्यापेक्षा वजनदार आहे. दुसऱ्या वाक्यावर मी कोरा चार्ट पुढे ठेवून पाच ठिपके मांडतो आणि विचारतो, आता काय कराल? तिथे बराच घोटाळा बाहेर येतो.

त्या मुलीला मी शेवटचा प्रश्न विचारला होता. “पहिला आकडा चुकीचाच होता ना? मग त्याची नोंद कशाला ठेवली?”

ती म्हणाली, “सर, रजिस्टर चाळलं तेव्हा त्याच कलेक्शन सेंटरच्या त्या महिन्यातल्या अशा आणखी दोन नोंदी सापडल्या. मग तिथल्या फ्लेबोंना बोलावून सांगितलं, की रक्त कमी पडलं तर कमीच पाठवा, एका ट्यूबमधून दुसरीत ओतू नका.”

अर्जात तिने हे लिहिलं नव्हतं. मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी पाचवी ओळ म्हणून हे नक्की लिहा. पण पुढचा अर्ज करायची वेळ लगेच काही आली नाही; सोमवारपासून ती आमच्याकडे रुजू झाली.