शिळ्या भाताची प्रश्नपत्रिका

मंगल कार्यालयाचं किंवा हॉटेलचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्यांना अन्नसुरक्षा पर्यवेक्षकाचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. दर 25 कामगारांमागे असा एक तरी प्रशिक्षित माणूस असावा, अशी एफएसएसएआयची अपेक्षा आहे. अशा प्रशिक्षणाच्या पीपीटीत एक स्लाइड बहुतेक वेळा भेटतेच: ‘शिजवलेलं अन्न 60 अंशांवरून 21 अंशांपर्यंत 2 तासांत आणि तिथून 5 अंशांपर्यंत पुढच्या 4 तासांत थंड करा.’ परीक्षेत यावर प्रश्न येतो तो असा: अन्न 21 अंशांपर्यंत किती तासांत थंड करावं? उत्तर आलं, एक गुण मिळाला. पण त्या माणसाला उरलेला भात सांभाळता येतो का, हे परीक्षकाला कळलेलं नसतं.

ते कळायचं तर प्रसंग हवा. प्रसंग लिहायला बसण्याआधी त्या स्लाइडला थोडं छेडावं लागतं, कारण पीपीटीत ओळी छोट्या करताना अटी गळून पडतात. 2 तास मोजायचे कधीपासून? गॅस बंद केल्यापासून नव्हे, भात 60 अंशांवर आला तेव्हापासून. तापमान कुठलं? वरच्या थराचं नव्हे, मधल्या गाभ्याचं. वेळ चुकली तर काय करायचं? त्याबद्दल स्लाइड अनेकदा गप्प असते. चांगला प्रश्न अशा मुक्या जागांतून निघतो. मात्र वर्गात जे शिकवलंच नाही ते परीक्षेत विचारायचं नाही. म्हणून आधी प्रशिक्षकाला गाठून तोंडी काय सांगितलं होतं याची खात्री करावी.

आता प्रसंग. दुपारच्या पंगतीनंतर साधारण 10 किलो भात उरला. आचाऱ्याने तो एकाच खोल टोपात ठेवला, वर झाकण घातलं. मदतनिसाने थर्मामीटर भाताच्या मध्यभागी खुपसून वहीत नोंदी केल्या: साडेअकराला 76 अंश, दीडला 60, साडेतीनला 49. मग टोप तसाच फ्रिजमध्ये गेला. संध्याकाळी साडेसातला नोंद 23 अंशांची. रात्रीच्या स्वागत समारंभासाठी व्यवस्थापक म्हणतो, ‘वास एकदम ठीक आहे. कढईत धगधगीत परतून फ्राइड राइस करा, 75 अंशांच्या वर गेला की सगळं मरतं.’

व्यवस्थापकाचं हे वाक्य मी मुद्दाम घातलं आहे. अन्न पुन्हा गरम करताना 75 अंशांपर्यंत न्या, अशीही एक स्लाइड त्याच पीपीटीत असते. म्हणजे तो स्लाइडच्याच भाषेत चूक बोलतो आहे.

याच एका प्रसंगावर तीन प्रश्न काढता येतात. पहिला सोपा, 2 गुणांचा: ‘थंड करण्याची मर्यादा पहिल्यांदा कोणत्या नोंदीत ओलांडलेली दिसते? कारण द्या.’ उत्तर साडेतीनची नोंद: दीडला 60 होते, 2 तासांत 21 व्हायला हवे होते, आहेत 49. दीडपासून मोजल्याला 1 गुण, नोंद 21 शी ताडून पाहिल्याला 1. एखादा साडेअकरापासून 2 तास मोजतो आणि दीडलाच मर्यादा ओलांडली म्हणतो. त्याची सुरुवात चुकली, पण ताडणी बरोबर आहे, तेव्हा दुसरा गुण त्याला द्यायचा. पुढच्या प्रश्नात याच चुकीसाठी त्याचे गुण परत कापायचे नाहीत.

दुसरा मधला, 4 गुणांचा: ‘उद्या याच स्वयंपाकघरात पुन्हा भात उरेल. झटपट थंड करणारं यंत्र नाही, पण बर्फ, पसरट ट्रे आणि पंखा आहे. भात कसा थंड कराल?’ इथे आकडा पाठ असून भागत नाही. दोन बोटं उंचीचा थर करून ट्रेमध्ये पसरणं, त्याने उष्णता लवकर का निघते ते सांगणं, गाभ्याचं तापमान ठरावीक वेळाने पाहणं आणि 2 तासांत 21 न आल्यास काय करणार हे सांगणं, प्रत्येकी 1 गुण. ‘लगेच फ्रिजमध्ये ठेवू’ एवढंच लिहिणाऱ्याला शून्य, कारण गरम खोल टोप आत गेला तर तो तर निवत नाहीच, शेजारचं दूधही तापतं. हे शून्य नमुना उत्तरात कारणासकट लिहून ठेवावं लागतं, नाहीतर एखादा दयाळू परीक्षक 1 गुण देऊन मोकळा होतो.

तिसरा अवघड, 6 गुणांचा: ‘व्यवस्थापकाचं म्हणणं मान्य कराल का? निर्णय आणि कारणं लिहा.’ इथे दोन स्लाइडी एकमेकींसमोर उभ्या राहतात. भातात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू असू शकतो. त्याचे बीजाणू शिजवूनही टिकतात, कोमट भातात रुजून वाढतात. त्याच्या काही जाती उलटी आणणारं जे विष तयार करतात ते 121 अंशांच्या उष्णतेतही तग धरतं. कढई जिवाणू मारेल, विष मारणार नाही. म्हणून भात फेकायचा. गुणांची वाटणी: निर्णय 1, वहीतल्या नोंदींचा दाखला 2, उष्णतेत टिकणाऱ्या विषाचं कारण 2, नोंद करणं आणि व्यवस्थापकाला कळवणं 1. जिवाणूचं नाव आठवलं नाही तरी गुण कापायचे नाहीत. स्वयंपाकघरात नावावाचून काही अडत नाही. पण निर्णयच ‘वाढा’ असा असेल तर बाकी कितीही सुंदर लिहिलेलं असलं तरी 2 च्या वर जायचं नाही. अशी कमाल मर्यादा नसली की, माणसं आजारी पाडणारं उत्तरही 5 गुण घेऊन उत्तीर्ण होतं.

प्रश्न अवघड कशाने होतो, याबद्दल बराच गैरसमज आहे. ‘सांगा’ऐवजी ‘विश्लेषण करा’ लिहिलं म्हणून तो अवघड होत नाही, लांबलचक वाक्यांनी तर मुळीच नाही. त्याने फक्त मराठी कच्चं असलेला आचारी मागे पडतो. वरच्या पहिल्या प्रश्नात एकच नियम लागतो. दुसऱ्यात नियम नव्या परिस्थितीत वापरावा लागतो. तिसऱ्यात दोन नियमांपैकी कोणता इथे लागू होत नाही ते ओळखावं लागतं, तेही वासाचा दिलासा आणि वरिष्ठाचा दबाव असताना. आणखी एक पथ्य: तिसऱ्या प्रश्नात ‘मर्यादा ओलांडलेला भात’ असं लिहिलं तर पहिल्याचं उत्तर फुकट वाटलं जातं. म्हणून तिथे नुसतं ‘उरलेला भात’ म्हणायचं.

अंदाज खरा ठरला का, ते उत्तरपत्रिका आल्यावर पाहायचं. एकूण गुणांत वरचे आणि खालचे वेगळे काढून प्रत्येक प्रश्नात दोघांनी किती मिळवले ते ताडतात. मोठ्या परीक्षांत हे गट प्रत्येकी 27 टक्क्यांचे घेण्याची पद्धत 1939 पासूनची आहे. 20 जणांच्या वर्गात एवढा काटेकोरपणा पोकळ ठरतो, नजरेनेही पुरतं. सोप्या प्रश्नात हुशारच गळत असतील तर बहुधा नमुना उत्तर चुकलं आहे किंवा ‘पहिल्यांदा’ हा शब्द नीट वाचला गेला नाही.

आणि परीक्षकांचं काय? दोघांनी काही उत्तरपत्रिका एकमेकांचे गुण न पाहता तपासाव्यात. समजा, तिसऱ्या प्रश्नावर कुणी लिहिलं: ‘भात टाकावा, तो फार वेळ कोमट राहिला, आता तापवूनही उपयोग नाही.’ एकाने 5 दिले, एकाने 2. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. चूक नमुना उत्तराची आहे, कारण ‘नोंदींचा दाखला’ म्हणजे आकडा हवा की नुसतं ‘फार वेळ’ चालेल, हे त्यात नव्हतंच. तेव्हा ओळ घालायची: किमान एक वेळ आणि तिचं तापमान लिहिल्याशिवाय हे 2 गुण नाहीत, ‘तापवूनही उपयोग नाही’ एवढ्याला 1, आणि विष उष्णतेत टिकतं असं आल्यास दुसरा.