डॉलरला १६,७०० देणारी गल्ली

बालीतल्या कुटा भागात पॉपीज लेन नावाच्या अरुंद गल्ल्या आहेत. समुद्राकडून लेगियन रस्त्याकडे जाताना दोन्ही बाजूंना कपड्यांची, चपलांची, चित्रांची दुकानं लागतात आणि त्यातल्याच एखाद्या दुकानाच्या दारात फळा उभा असतो: डॉलर, युरो, ऑस्ट्रेलियन डॉलर, प्रत्येकापुढे आजचा भाव, खाली ठळक अक्षरांत ‘नो कमिशन’. आत शर्ट टांगलेले असतात आणि कोपऱ्यात एक छोटं काउंटर.

अशाच एका फळ्यापुढे साताऱ्याच्या एक बाई लेकीबरोबर थांबल्या. साताऱ्यात त्यांचं कापडाचं दुकान आहे, गल्ल्यावर त्या स्वतः बसतात. पर्समध्ये शंभराच्या तीन कोऱ्या नोटा होत्या, ३०० डॉलर. फळ्यावर भाव होता डॉलरला १६,७०० रुपिया. सकाळी हॉटेलजवळच्या मोठ्या काचेच्या दुकानात त्यांनी १६,१०० पाहिला होता.

“आई, इथे सहाशे जास्त देतायत,” लेक म्हणाली.

“तेच बघतेय. याला परवडतं कसं?”

हा प्रश्न फार थोडे प्रवासी विचारतात. पैसे बदलून देणाऱ्याचा धंदा समजायला अवघड नाही. तो डॉलर एका भावाने घेतो आणि त्याहून जास्त भावाने विकतो. मधला फरक ही त्याची कमाई. बाजारात त्या दिवशी डॉलरचा मधला भाव, म्हणजे मोबाइलवर शोधलं की दिसतो तो, १६,२०० होता. सरळ धंदा करणारा माणूस डॉलर घेताना या आकड्याच्या थोडा खाली राहणार. १६,१०० हा म्हणूनच चोख भाव होता. १६,७०० देणारा मात्र बाजारात १६,२०० ला मिळणारी वस्तू पाचशे जास्त मोजून घेत होता. असा धंदा आठवडाभरही चालणार नाही. तरीही तो रोज दुकान उघडत असेल, तर तो ही तूट दुसरीकडून भरून काढतो, आणि ती कुठून हे काउंटरवर कळतं.

म्हणून भाव वाईट आहे की नाही हे ओळखण्याआधी तो गरजेपेक्षा चांगला तर नाही ना, हे पाहावं. विमानतळावर भाव बाजाराच्या बराच खाली असतो, ते दिसतं आणि आपण सावध होतो. वरचा भाव मात्र आपल्याला आत ओढतो.

बाई आत गेल्या. काउंटरमागच्या तरुणाने कॅल्क्युलेटरवर १६,७०० गुणिले ३०० केलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला: ५०,१०,०००. आपल्या हिशेबाने पन्नास लाख दहा हजार रुपिया, म्हणजे साधारण सव्वीस हजार रुपये, कारण त्या दिवसांत एका रुपयाला १९० रुपिया येत होते. तिथली माणसं दहा लाखाला ‘जुता’ म्हणतात आणि हिशेब जुतातच करतात.

एवढी शून्यं हीच या फसवणुकीची जमीन आहे. इंडोनेशियात सर्वांत मोठी नोट एक लाखाची, लाल. त्याखाली पन्नास हजाराची निळी, वीस हजाराची हिरवी, दहा हजाराची जांभळी. पन्नास लाख लाल नोटांत द्यायचे तर ५० नोटा पुरतात. तरुणाने मात्र निळ्या नोटा काढल्या. नोटा जितक्या छोट्या तितकी गड्डी जाड, मोजणी लांब, आणि गड्डीतून काही नाहीशा झाल्या तर जाडीवरून ते कळणं तितकंच अवघड. दुकानदार मोठ्या नोटा असूनही छोट्या नोटा देतोय असं दिसलं, तर तिथेच मोठ्या मागाव्यात.

त्याने वीस-वीस नोटांचे पाच गठ्ठे केले, एकेक गठ्ठा दहा लाखाचा. बाईंनी प्रत्येक गठ्ठा स्वतः मोजला. सगळे बरोबर. फक्त वरचे दहा हजार नव्हते. त्यांनी तसं म्हटलं.

“ओ सॉरी, सॉरी!” तरुण अगदी ओशाळला. त्याने पाचही गठ्ठे आपल्याकडे ओढले, एक जांभळी नोट काढून वर ठेवली, सगळी चळत दोन्ही हातांत धरून काउंटरवर ठक ठक आपटत कडा सारख्या केल्या. त्याच वेळी शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याने लेकीला विचारलं, कुठून आलात, इंडिया? मुंबई?

या क्षणावर सगळा खेळ चालतो, म्हणून तो सावकाश पाहायला हवा. दहा हजार कमी असणं ही चूक नसते. गिऱ्हाईक मोजल्यावर चळत परत हातात घेण्याचं ते निमित्त असतं. कडा सारख्या करताना दोन्ही अंगठे आपल्या बाजूला दिसतात, बोटं मागच्या बाजूला असतात. चळत उभी धरली की मागच्या नोटा बोटांनी खाली सरकवता येतात. काउंटरची पुढची कड उंच असते, तिच्यामागे खण किंवा मांडी. पंधरा-वीस नोटा तिथे पडतात आणि कागदाचा आवाज ठकठकीत मिसळून जातो. पुढची नोट जागेवरच राहते, वर जांभळी दिसत राहते, आणि गिऱ्हाईकाच्या मनात पक्कं असतं की आपण नुकतंच मोजलं आहे. खिसेकापूला अंगाला हात लावावा लागतो. इथे आपण मोजलेले पैसे आपणच परत सोपवलेले असतात.

चळत पुढे आली तेव्हा बाईंनी ती उचलली नाही. तळहात वर ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, “अगेन. काउंट अगेन.”

“यू काउंट already, मॅडम.”

“परत.”

दुकानात वर्षानुवर्षं गल्ला सांभाळणाऱ्या माणसाची ही सवय आहे: पैसे दुसऱ्याच्या हातात गेले की आधीची मोजणी संपली. त्या एक पासून मोजायला लागल्या. निळ्या नोटा ८४ निघाल्या. सोळा गायब. म्हणजे हातात आले असते ४२ लाख १० हजार. ३०० ने भागा: डॉलरला १४,०३३. फळ्यावरचा १६,७०० चा भाव खरा हा होता. सकाळच्या काचेच्या दुकानाशी तुलना केली तर सहा लाख वीस हजार रुपियांची खोट, आपले जवळजवळ सव्वातीन हजार रुपये.

तरुणाने आवाज चढवला नाही. तो म्हणाला, कमिशन आहे, आठ टक्के. फळ्यावर ‘नो कमिशन’ लिहिलंय हे लेकीने दाखवलं, तर म्हणाला ते लाखभर डॉलरवाल्यांसाठी. अशी कारणं एकामागून एक येतात. पकडले गेल्यावरची ही ठरलेली दुसरी पायरी आहे आणि तिच्यावर वाद घालण्यात काही हाशील नसतं. पोलिसांना बोलावते म्हणून गल्लीत आवाज चढवण्यातही धोका असतो, कारण दुकानातले दोघे तिघे एकत्र असतात आणि आपण परक्या गावात.

बाईंनी हुशारी केली होती ती आधीच. मोजणी पूर्ण होईपर्यंत शंभराच्या तीन नोटा त्यांनी सोडल्या नव्हत्या. काउंटरवर आपल्या बाजूला, डाव्या हाताखाली ठेवल्या होत्या. त्या उचलल्या, रुपियांची चळत पुढे सरकवली, “नो, थँक यू” म्हटलं आणि बाहेर पडल्या. डॉलर त्याच्या हातात गेले असते तर परत मिळालेल्या नोटा त्याच आहेत का, हा आणखी एक प्रश्न उभा राहिला असता. हॉटेलवर लेकीने नोटांच्या क्रमांकांचे फोटो काढून ठेवले होते, ते अशा वेळी उपयोगी पडले असते.

बाहेर आल्यावर लेक चिडली होती. “आई, तू पहिल्यांदा मोजलंस तेव्हा सगळं बरोबर होतं ना?”

“होतं की. म्हणूनच त्याला परत घ्यावं लागलं.”

बालीत सगळे छोटे मनी चेंजर ठग नाहीत, हे इथे सांगायला हवं. आपल्या शंभर डॉलरवर प्रामाणिकपणे चार पैसे कमावणारे तिथे खूप आहेत. ते ओळखायला सोपी खूण आहे. इंडोनेशियाची मध्यवर्ती बँक, बँक इंडोनेशिया, परकीय चलनाचा धंदा करणाऱ्यांना परवाना देते. २०१६ मध्ये तिने नियम कडक केले आणि बिनपरवाना दुकानांना २०१७ च्या एप्रिलपर्यंत परवाना घ्यायला सांगितलं. परवानाधारक दुकानात बँकेचं अधिकृत चिन्ह आणि परवाना क्रमांक दर्शनी भागात लावलेला असतो. फळ्यावर नुसतं ‘ऑथोराइज्ड’ रंगवलेलं असणं म्हणजे परवाना नव्हे. ते कोणीही रंगवू शकतं. परवाना असलेलं ठिकाण सहसा फक्त पैसे बदलण्याचंच असतं, शर्ट आणि चपलांच्या मधोमध लावलेलं काउंटर नसतं. तिथे काचेमागे बसलेला माणूस मशीनवर नोटा मोजतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं, छापील पावती देतो.

दोघी मायलेकी सकाळच्या त्या काचेच्या दुकानात गेल्या. तिथल्या मुलीने आधी पासपोर्ट पाहिला, तिन्ही नोटा उजेडात धरून तपासल्या. जुन्या मालिकेच्या, शिक्के मारलेल्या किंवा फाटक्या डॉलरना तिकडे भाव कमी मिळतो किंवा त्या घेतच नाहीत, म्हणून इथून निघतानाच कोऱ्या शंभराच्या नोटा मागून घ्याव्यात. मग १६,१०० च्या हिशेबाने पैसे आले: ४८ लाल नोटा, एक हिरवी, एक जांभळी. ४८ लाख ३० हजार. मशीनच्या पडद्यावर ४८ दिसले तरी बाईंनी काउंटरसमोरच पुन्हा मोजल्या आणि पावती पासपोर्टात ठेवली.

आठव्या दिवशी परत निघताना उरलेले रुपिया डॉलरमध्ये बदलायला त्या तिथेच आल्या. तेव्हा फळ्यावरचा दुसरा, विक्रीचा भाव लागू झाला, १६,३०० च्या आसपास. लेकीने विचारलं, “आपण १६,१०० ने दिले होते, मग आता जास्त का?”

“त्याची दुकानदारी त्यावरच चालते ना,” आई म्हणाली आणि पैसे मोजायला घेतले.