एका ओळीचा पत्ता

डेटाबेसमधून एखाद्याचे नाव काढून टाकले की ते गेले, असे आपण समजतो. मोबाइलमधल्या असंख्य ॲपच्या पोटात एसक्यूलाइट नावाचा एक छोटा डेटाबेस असतो. त्याची फाइल उघडून एकेक बाइट वाचला, तर काढून टाकलेले नाव पुष्कळदा जागच्या जागी जसेच्या तसे सापडते. असे का होते, हे समजून घ्यायचे तर डिस्कवर ओळी कशा मांडलेल्या असतात ते पाहायला हवे. त्यासाठी एका लहान ग्रंथालयाची सभासद-यादी घेऊ या.

```sql
PRAGMA page_size=512;
CREATE TABLE sadasya(
  id INTEGER PRIMARY KEY, nav TEXT, gav TEXT);
INSERT INTO sadasya VALUES(10,'आशा','वाई');
```

डेटाबेसची फाइल एकसारख्या मापाच्या पानांची बनलेली असते. एसक्यूलाइटचे पान सहसा ४०९६ बाइटांचे असते. इथे सगळे डोळ्यांसमोर घडावे म्हणून मी सर्वांत लहान, ५१२ बाइटांचे पान मागितले आहे. पहिल्या पानावर फाइलची आणि तक्त्यांची माहिती राहते, आणि आपली यादी दुसऱ्या पानापासून सुरू होते.

आशाताईंची ओळ किती जागा घेते? युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, आणि काना-मात्राही वेगळे चिन्ह म्हणून मोजतात. ‘आशा’ म्हणजे आ, श आणि काना, अशी तीन चिन्हे, म्हणजे नऊ बाइट. ‘वाई’चेही नऊच. या अठरा बाइटांच्या आधी सहा बाइट येतात. पहिला मजकुराची लांबी सांगतो, दुसरा सभासद क्रमांक, आणि उरलेल्या चारांत कोणत्या रकान्यात काय प्रकारचे आणि किती लांब आहे याचा तपशील असतो. एकूण चोवीस बाइट. एका ओळीच्या या गाठोड्याला सेल म्हणतात.

आपल्याला वाटेल की हा सेल पानाच्या सुरुवातीला ठेवला जाईल. प्रत्यक्षात तो पानाच्या तळाशी जातो, म्हणजे ५१२ वजा २४, ४८८व्या बाइटपासून पुढे. पानाच्या माथ्यावर आठ बाइटांचे शीर्षक असते आणि त्याला लागून दोन बाइटांचा एक आकडा. तो आकडा म्हणजे सेल कुठे सुरू होतो त्याचा पत्ता. दुसऱ्या पानाचे पहिले दहा बाइट असे दिसतात:

```
0d 00 00 00 01 01 e8 00 01 e8
```

`0d` म्हणजे ‘या पानावर प्रत्यक्ष ओळी आहेत’. `00 01` म्हणजे एक सेल. पहिला `01 e8` सांगतो की सेलांचा भाग ४८८पासून सुरू होतो. शेवटचा `01 e8` हाच तो पत्ता, ज्याला स्लॉट म्हणतात. नवी ओळ आली की स्लॉट माथ्याकडून खाली वाढतात आणि सेल तळाकडून वर चढतात. मधली मोकळी जागा दोन्ही बाजूंनी आक्रसत जाते. अशा मांडणीचे पान म्हणजे स्लॉटेड पेज.

ओळी एकापाठोपाठ एक लिहून मोकळे का होत नाहीत? याचे उत्तर दुसऱ्या ओळीतच मिळते. आता ५ क्रमांकाच्या लताताई येतात, गाव पेण. त्यांचा क्रमांक १०च्या आधीचा. ओळी सरळ क्रमाने मांडल्या असत्या, तर आशाताईंची अख्खी ओळ सरकवावी लागली असती. इथे लताताईंचा सेल जिथे जागा आहे तिथे, ४६४व्या बाइटवर, बसतो. क्रम लागतो तो फक्त स्लॉटांत:

```
01 d0 01 e8
```

आधी ४६४, मग ४८८. आशाताईंचा सेल एका बाइटनेही हललेला नाही. ओळी आल्या त्या क्रमाने पडून राहतात आणि यादी क्रमाने असल्याची शिस्त दोन-दोन बाइटांचे हे स्लॉट सांभाळतात. एखादा क्रमांक शोधतानाही स्लॉटांच्या मधोमध पाहायचे, मग उरलेल्या अर्ध्याच्या मधोमध, असे निम्मे-निम्मे करत जाता येते, कारण सेल लहानमोठे असले तरी स्लॉट सगळे एका मापाचे आहेत.

आता पाचापाचाने क्रमांक देत ५० पर्यंत दहा सभासद भरू, सगळ्यांची नावे आणि गावे नऊ-नऊ बाइटांची धरून. मग क्रमांक ३५ काढून टाकू. ती सातवी आलेली ओळ, म्हणून तिचा सेल ३४४वर आहे. एसक्यूलाइट तिचा स्लॉट काढतो आणि मागचे स्लॉट पुढे सरकवून घेतो. सेलच्या पहिल्या चार बाइटांवर तो `00 00 00 18` असे लिहितो. अर्थ असा की यापुढे दुसरी रिकामी जागा नाही आणि ही जागा चोवीस बाइटांची आहे. पानाच्या शीर्षकात या जागेचा पत्ता नोंदवला, की काम संपले. त्या चार बाइटांत लांबी, क्रमांक आणि तपशिलाचा थोडा भाग होता. नाव आणि गाव त्यांच्या पुढे होते, ते तसेच राहिले. सुरुवातीला सांगितलेले न गेलेले नाव ते हेच. `PRAGMA secure_delete=ON;` आधीच दिलेले असेल तर ही जागा शून्यांनी पुसली जाते. काही ठिकाणी एसक्यूलाइट तसाच बांधून दिलेला असतो.

त्या खड्ड्यात आता नवा ३५ क्रमांक घालू. नाव ‘जय’, गाव वाईच. ‘जय’मध्ये दोनच चिन्हे, म्हणून सेल एकवीस बाइटांचा होतो. तो चोवीसच्या खड्ड्यात बसतो, पण तीन बाइट उरतात. रिकाम्या जागेची नोंद करायलाच चार बाइट लागतात, त्यामुळे या तीन बाइटांची नोंद त्यांच्या जागी ठेवता येत नाही. शीर्षकातल्या आठव्या बाइटमध्ये ‘असे तीन बाइट विखुरलेले आहेत’ एवढी फक्त बेरीज राहते. ही विखुरलेली चिल्लर साठत गेली, किंवा मोकळी जागा एकूण पुरेशी असूनही सलग मिळेनाशी झाली, की एसक्यूलाइट पान आवरतो. सगळे सेल पुन्हा तळाशी चिकटवतो आणि स्लॉटांमधले पत्ते बदलतो. हे बिनदिक्कत करता येते, कारण पानाबाहेर कोणालाच सेलचा बाइट-पत्ता ठाऊक नसतो. बाहेरच्यांना फक्त पान क्रमांक माहीत असतो.

पण आवरण्यालाही मर्यादा आहे. चोवीस बाइटांचा सेल आणि दोन बाइटांचा स्लॉट मिळून एका सभासदाला सव्वीस बाइट लागतात. क्रमांक ९५ पर्यंत एकोणीस ओळी झाल्या की ४९४ बाइट आणि शीर्षकाचे आठ मिळून ५०२ होतात. उरतात दहा. विसावा सभासद, क्रमांक १००, या पानावर मावत नाही. आता पान फुटते.

इथे बी-ट्री पुढे येतो. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी बोइंग कंपनीत काम करताना ही रचना मांडली आणि त्यांचा शोधनिबंध १९७२मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीत वहीचे आणि झाडाचे ‘पान’ एकच, त्यामुळे ही रचना आपल्याला सहज उमगते. टोकाच्या पानांवर ओळी, आणि त्यांच्या वरच्या पानांवर कोणत्या पानावर काय आहे याची वाट. ठरलेली रीत अशी की भरलेले पान मधोमध तोडायचे, निम्म्या ओळी नव्या पानावर न्यायच्या आणि दोहोंमधला सीमेचा क्रमांक वरच्या पानाला कळवायचा.

आपल्या यादीत वरचे पान अजून नाहीच. दुसरे पान हेच मूळ, आणि यादी दुसऱ्या पानापासून सुरू होते अशी नोंद पहिल्या पानावर आहे. ती नोंद बदलायला नको म्हणून एसक्यूलाइट मूळ जागेवरच ठेवतो आणि त्यातला सगळा मजकूर नव्या तिसऱ्या पानावर उतरवतो. मग तो पाहतो की नवी ओळ सगळ्यांच्या शेवटी येणार आहे. अशा वेळी तो मधोमध तोडत नाही. तिसरे पान भरलेलेच ठेवतो आणि चौथ्या पानावर एकट्या १०० क्रमांकाला बसवतो. क्रमांक चढत्या क्रमाने येत राहिले, तर मधोमध तोडलेली पाने कायमची अर्धी रिकामी राहिली असती. त्या वाया जाणाऱ्या जागेवरचा हा तोडगा. दुसरे पान आता असे दिसते:

```
05 00 00 00 01 01 fb 00 00 00 00 04 01 fb
```

`05` म्हणजे ‘इथे ओळी नाहीत, वाटा आहेत’. ५०७व्या बाइटवर पाच बाइटांचा छोटा सेल आहे, `00 00 00 03 5f`. म्हणजे ९५ पर्यंतचे क्रमांक तिसऱ्या पानावर. त्याहून मोठे सगळे चौथ्यावर, ते शीर्षकातल्या `00 00 00 04`ने सांगितले. या पानावरही स्लॉट आहेतच, आतला मजकूर तेवढा वेगळा.

आता मध्येच ४२ क्रमांकाचा सभासद आला तर? तिसरे पान भरलेले आहे, पण शेजारच्या चौथ्यावर एकच ओळ आहे. एसक्यूलाइट नवे पान मागत नाही. दोन्ही पानांच्या मिळून एकवीस ओळी तो अकरा आणि दहा अशा वाटून देतो, आणि मुळातली सीमा ९५ वरून ५० वर आणतो. शेजारीही भरलेले असते, तेव्हा मात्र पान वाढते.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. क्रमांक चढत्या क्रमाने येत असतील, तर काम फक्त शेवटच्या पानावर चालते. किल्ली म्हणून लांबलचक यादृच्छिक आकडे वापरले, तर प्रत्येक नवी ओळ कुठल्याही पानावर पडते. चोवीस बाइटांसाठी वेगळेच अख्खे पान वाचावे आणि लिहावे लागते, आणि पाने जागोजागी फुटून अर्धवट भरलेली राहतात. फाइल ओळींच्या मानाने फुगली, तर पुढचा प्रश्न कोणत्या पानावर किती जागा रिकामी आहे ते दाखवतो. `dbstat`ची सोय असलेल्या एसक्यूलाइटमध्ये तो चालतो:

```sql
SELECT pageno, pagetype, ncell, unused
FROM dbstat WHERE name='sadasya';
```

`VACUUM;` दिले की सगळी पाने नव्याने, दाटीने लिहिली जातात.

खरी नाजूक वेळ मात्र फुटण्याचीच. १०० क्रमांकाच्या एका ओळीसाठी दुसरे, तिसरे आणि चौथे अशी तीन पाने लिहावी लागली. दुसरे लिहून झाले आणि चौथे लिहिण्याआधी वीज गेली, तर मूळ अशा पानाची वाट दाखवेल जे डिस्कवर नाहीच. म्हणून एसक्यूलाइट नेहमीच्या पद्धतीत जुन्या पानांची प्रत आधी जर्नल नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. काम अर्धवट राहिले, तर पुढच्या वेळी फाइल उघडताना ती प्रत परत जागेवर बसते. चालू डेटाबेसची फाइल कॉपी करताना ही जर्नल मागे राहिली, तर हे संरक्षण जाते. शंका असेल तर `PRAGMA integrity_check;` द्यावे. सगळ्या वाटा पोहोचत असतील आणि क्रम शाबूत असेल, तर उत्तर `ok` येते.

४०९६ बाइटांच्या पानांवर अशाच लहान ओळी भरल्या, तर मूळ, मधले पान आणि टोकाचे पान अशा तीन पायऱ्यांत दोन कोटींहून जास्त सभासद मावतात. कोणत्याही एकाला गाठायला तीन पाने वाचली की पुरे. तोवर आशाताईंची ओळ कितीतरी वेळा हललेली असेल. दुसऱ्या पानावरून ती तिसऱ्यावर गेली, तिथे वाटपात पुन्हा नव्याने बसली. पण १० हा क्रमांक विचारला की शोध आजही दुसऱ्या पानापासूनच सुरू होतो आणि त्यांच्यापर्यंत पोहोचतो.